फोटोतल्या वर्कशीटवरून तेवढंच अवघड नवं वर्कशीट कसं बनवायचं, उत्तरसूचीसकट (अपूर्णांकांचं उदाहरण घेऊन)

शाळेच्या नाहीतर क्लासच्या ग्रुपवर वर्कशीटचा फोटो येतो, पोरगं ते सोडवतं, चारपाच चुका होतात, त्या समजावून सांगतो आपण, आणि मग खरा प्रश्न येतो की आता परत सराव कशावर घ्यायचा. तेच वर्कशीट परत दिलं तर उत्तरं अर्धी तोंडपाठ झालेली असतात. म्हणून बहुतेक जण काय करतात, तर तेच शीट समोर ठेवून आकडे बदलतात, २ च्या जागी ३, ५ च्या जागी ७, आणि झालं नवं वर्कशीट. वजाबाकी किंवा गुणाकार असेल तर हे बऱ्यापैकी चालून जातं. अपूर्णांकात मात्र नाही चालत, कारण तिथे गणित किती अवघड आहे हे आकडा केवढा यावर नसतंच, दोन छेदांचं एकमेकांशी नातं काय यावर असतं, आणि एक आकडा बदलला की ते नातं बदलतं. सोपं गणित अवघड होतं, अवघड सोपं होतं, आणि पोराला खरंच जमलं की गणितच सोपं पडलं हे आपल्यालाच कळत नाही.

म्हणून इथे पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचंच एक आठ गणितांचं वर्कशीट घेतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो.

आधी फोटो नीट उतरवून घ्या

फोटोवरून थेट नवीन गणितं बनवायला बसू नका. आधी मूळ गणितं जशीच्या तशी वहीत उतरवा. फोटोतून मजकूर काढणारी ऍप्स असतात पण अपूर्णांकात ती गडबडतात, अंश एका ओळीत, छेद खालच्या ओळीत, मधली रेघ गायब, आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांक असला तर विचारूच नका, ४ १/३ चं सरळ ४१/३ होतं. आठदहा गणितं हाताने उतरवायला पाच मिनिटं लागतात, तेच बरं.

हाताने उतरवतानाही काही ठिकाणी डोळे फसतात. मराठी माध्यमाचं शीट असेल तर १ आणि ९ अंधुक फोटोत सारखे दिसतात. देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि काही शीटमध्ये प्रश्न मराठी आकड्यात आणि गणित इंग्रजी आकड्यात अशी खिचडी असते तेव्हा हा घोटाळा हमखास होतो. पोराने पेन्सिलने शीटवरच सोडवलेलं असेल तर त्याने छापील आकड्यावर गिरवलेलंही असतं. फोटो झूम करून बघा, आणि मग सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे मूळ गणितं स्वतः सोडवा. शाळेच्या शीटमध्ये उत्तरं साधारण नीटनेटकी येतात, छेद १२, १५, २४, ३० असे. एखाद्या गणिताचं उत्तर मध्येच १४३ छेदाचं आलं तर नव्वद टक्के वेळा तुम्ही आकडा चुकीचा वाचलेला असतो. आणि तसंही मूळ शीट सोडवल्याशिवाय पुढची पायरी करताच येत नाही.

आपलं मूळ शीट हे धरू:

१) २/५ + १/५
२) ३/८ + १/८
३) १/२ + १/४
४) २/३ + १/४
५) ५/६ + ३/८
६) ७/१० − १/६
७) ४ १/३ − १ ३/४
८) दुकानदाराकडे ६ १/२ मीटर कापड होतं. त्यातलं २ ३/४ मीटर एका गिऱ्हाइकाला आणि १ १/२ मीटर दुसऱ्याला विकलं. किती उरलं?

उत्तरं क्रमाने ३/५, १/२, ३/४, ११/१२, १ ५/२४, ८/१५, २ ७/१२ आणि २ १/४ मीटर.

प्रत्येक गणितासमोर लिहा, यात पोराला नक्की काय करावं लागतं

ही पायरी लोक सोडून देतात आणि खरं तर सगळं काम इथेच आहे. प्रत्येक गणितासमोर चार गोष्टींची उत्तरं लिहायची. छेदांचं नातं काय, उत्तराला संक्षिप्त रूप द्यावं लागतं का, उत्तर १ च्या वर जातं का, आणि वजाबाकी असेल तर पूर्णांकातला १ फोडावा लागतो का.

छेदांचं नातं चार प्रकारचं असतं. छेद सारखेच असतील (पहिलं-दुसरं गणित) तर समच्छेद करायचंच नाही. एक छेद दुसऱ्याच्या पटीत असेल (२ आणि ४) तर एकच अपूर्णांक बदलायचा. छेद सहमूळ असतील (३ आणि ४) तर दोन्ही बदलायचे पण लसावि म्हणजे सरळ दोघांचा गुणाकार, तिथे डोकं चालवावं लागत नाही. आणि चौथा प्रकार, दोघांत काहीतरी सामाईक आहे पण एक दुसऱ्याच्या पटीत नाही, जसं ६ आणि ८. इथे लसावि २४ आणि गुणाकार ४८. पोरं अडकतात ती इथे, कारण ज्याला लसावि नीट समजलेला नाही तो ४८ घेतो, ४०/४८ + १८/४८ = ५८/४८ करतो, आणि मग तिथून संक्षिप्त रूप द्यायचं विसरतो.

तर आपल्या शीटचा नकाशा असा झाला. पहिलं गणित: समच्छेद, संक्षिप्त रूप नाही. दुसरं: समच्छेद, ४/८ येतं, संक्षिप्त रूप द्यावं लागतं. तिसरं: पटीत, संक्षिप्त रूप नाही. चौथं: सहमूळ, १ च्या आत. पाचवं: सामाईक अवयव, १ च्या वर, संक्षिप्त रूप नाही. सहावं: सामाईक अवयव, वजाबाकी, १६/३० येतं म्हणून संक्षिप्त रूप हवं. सातवं: सहमूळ, १ फोडावा लागतो. आठवं: दोन पायऱ्यांचं शाब्दिक, पहिल्या पायरीत १ फोडावा लागतो, दुसरीत नाही.

बघा, शिक्षकांनी हे उगाच असं लावलेलं नाही, प्रत्येक गणितात थोडी थोडी अडचण वाढवत नेली आहे. नवीन शीटमध्ये हाच चढ राहिला पाहिजे.

आता आकडे बदला, पण नातं न बदलता

पहिलं सोपं आहे, ३/७ + २/७ = ५/७, झालं.

दुसऱ्यात संक्षिप्त रूप यायलाच हवं. मूळात ४/८ ला ४ ने भाग जातो. मग छेद १२ घेऊन ८/१२ यावं असं बघू, म्हणजे उत्तर २/३. ८ चे दोन तुकडे करायचे, पण ५ + ३ केलं तर ३/१२ हा स्वतःच १/४ होतो, आणि हुशार पोरगं आधीच तो लहान करून बसतं आणि मग समच्छेदाचं गणित भिन्नछेदाचं होऊन जातं. म्हणून ७/१२ + १/१२. सरळ नियम ठेवा, प्रश्नात दिलेला प्रत्येक अपूर्णांक आधीच अतिसंक्षिप्त रूपात असला पाहिजे.

आणि इथे रीत बघा, आपण उत्तरापासून मागे गेलो. आधी ठरवलं ८/१२ यायला हवं, मग त्याचे तुकडे केले. आकडे टाकून बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

तिसरं गणित वरवर सगळ्यात निरुपद्रवी. १/२ + १/४ च्या जागी पटकन सुचतं ते १/३ + १/६. पटीतले छेद, अंश तेच, परफेक्ट वाटतं. पण २/६ + १/६ = ३/६ = १/२, म्हणजे मूळात नसलेली संक्षिप्त रूपाची पायरी घुसली. २/३ + १/६ करा, ५/६ येतं, बरोबर.

चौथ्यात ३/५ + १/४ = १२/२० + ५/२० = १७/२०. सहमूळ छेदांचा एक फायदा लक्षात ठेवा, दोन्ही अपूर्णांक अतिसंक्षिप्त असले तर उत्तरही आपोआप अतिसंक्षिप्तच येतं, कधीही भाग जात नाही. फक्त १ च्या आत राहतंय ना एवढं बघायचं.

पाचवं आणि सहावं, हे जरा सावकाश घेऊ. दोन्हीकडे छेदांत सामाईक अवयव आहे, पण पाचव्यात संक्षिप्त रूप लागत नाही आणि सहाव्यात लागतं. हे नशिबावर आहे असं वाटतं पण तसं नाही, छेद बघूनच आधी सांगता येतं.

दोन्ही छेदांना २ ने जितक्या वेळा भाग जातो तितक्या वेळा भागा आणि मोजा. ६ ला एकदा जातो (३ उरतात), ८ ला तीनदा जातो. वेळा वेगळ्या. मग अंश काहीही घ्या, उत्तराला २ ने भाग जाणारच नाही. ६ आणि १० बघा, ६ ला एकदा, १० लाही एकदा. वेळा सारख्या. मग अंश काहीही घ्या, बेरीज करा नाहीतर वजाबाकी, वरचा अंश सम येणारच आणि २ ने भाग जाणारच. कारण सोपं आहे, छेद सम आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त म्हणजे अंश विषम, समच्छेद करताना त्याला ज्याने गुणतो (इथे ५ आणि ३) तेही विषम, आणि दोन विषम संख्यांची बेरीज किंवा वजाबाकी नेहमी सम.

३ ने, ५ ने मोजायचं तर अर्धाच नियम लागू होतो. वेळा वेगळ्या असतील तर भाग जात नाही हे पक्कं, पण वेळा सारख्या असतील तर कधी जातो कधी नाही, करून बघावं लागतं. तिसऱ्या गणितात तेच झालं ना, ३ आणि ६ दोघांनाही ३ ने एकदाच भाग जातो, म्हणून १/३ + १/६ ला भाग गेला आणि २/३ + १/६ ला नाही.

आता पाचव्यासाठी छेद निवडू. ६ आणि ७ नको, सहमूळ झाले. ६ आणि १२ नको, पटीत झाले. ६ आणि १० नको, संक्षिप्त रूप हमखास लागेल. ६ आणि ९? सामाईक ३ आहे, पटीत नाहीत, ६ ला ३ ने एकदा भाग जातो आणि ९ ला दोनदा, वेळा वेगळ्या, आणि २ ने भाग फक्त ६ लाच जातो. म्हणजे संक्षिप्त रूप कधीच लागणार नाही. लसावि १८, गुणाकार ५४, म्हणजे मूळात ४८ घेणारं पोरगं इथे ५४ घेईल, सापळाही तोच राहिला. ९ आणि १२ पण चाललं असतं पण तिथे गुणाकार १०८ होतो, चुकीच्या वाटेने गेलेल्या पोराची उगाच जास्त शिक्षा होते. १ च्या वर जायला हवं म्हणून ४/९ + ५/६ = ८/१८ + १५/१८ = २३/१८ = १ ५/१८.

सहाव्याला ६ आणि १० हीच जोडी परत घेतली तरी चालतं, फक्त अंश बदलून. पण ५/६ − ३/१० घेतलं तर २५/३० − ९/३० = १६/३०, म्हणजे परत ८/१५, मूळचंच उत्तर! पोराला जुनं उत्तर आठवत असेल तर संपलं. म्हणून नवीन उत्तरं जुन्या उत्तरांशेजारी ठेवून एकदा नजर टाकायची. ५/६ − १/१० घेऊ, २५/३० − ३/३० = २२/३० = ११/१५.

सातव्यात खरी गोष्ट आहे १ फोडण्याची. मूळात ४ १/३ − १ ३/४, १/३ हा ३/४ पेक्षा लहान, म्हणून ४ मधला एक फोडून ३ १६/१२ करावं लागतं. नवीन बनवताना पहिल्याचा अपूर्णांक दुसऱ्यापेक्षा लहानच हवा. नुसते आकडे बदलून ५ ३/४ − १ १/३ केलं की फोडायची गरजच गेली, गणित दोन पायऱ्यांनी सोपं झालं आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ६ १/५ − २ २/३ घेऊ. ६ ३/१५ − २ १०/१५, म्हणजे ५ १८/१५ − २ १०/१५ = ३ ८/१५.

पूर्णांक लहान ठेवा इथे. काही शिक्षक आधी अंशाधिक करून घ्यायला शिकवतात, ३१/५ − ८/३ असं, आणि तुम्ही ६ च्या जागी १८ घेतलं तर त्या पोराला ९१/५ घेऊन गुणाकार करत बसावं लागतं. दोन्ही रीतींना साधारण सारखाच त्रास व्हायला हवा. अजून एक बारीक गोष्ट, दोन अपूर्णांकांतला फरक बरोबर १/२ येईल असं काही घेऊ नका. ५ १/४ − २ ३/४ मध्ये बरोबर उत्तर २ १/२, आणि जे पोरगं उलटं ३/४ मधून १/४ वजा करतं त्याचं ३ १/२. अपूर्णांक दोन्हीकडे १/२ च, त्यामुळे घाईत तपासताना चूक दिसत नाही. आपल्या गणितात उलटं करणाऱ्याचं ४ ७/१५ येईल, लगेच कळतं.

आठवं शाब्दिक. इथे फक्त कापडाचं दूध केलं म्हणजे नवीन गणित झालं असं नाही, पण दोन पायऱ्यांचा साचाही मोडायचा नाही. अर्धे आणि पाव याच अपूर्णांकांत खेळायचं असल्यामुळे पर्याय थोडे असतात आणि सहज काहीतरी घेतलं तर गणित कोसळतं. उदाहरणार्थ ९ १/४ लीटर, त्यातून ३ १/२ आणि २ ३/४ गेले, तर उरलं बरोबर ३ लीटर. पूर्ण संख्या आली, मूळात नव्हती. किंवा ८ १/४ मधून ३ १/२ आणि २ १/२ घ्या, चलाख पोरगं आधी गेलेल्या दोघांची बेरीज करतं, ६ होतात, आणि ८ १/४ − ६ तोंडी सांगून मोकळं होतं. मूळात ती वाट घेतली तरी २ ३/४ + १ १/२ = ४ १/४ असं काम करावंच लागत होतं. म्हणून शाब्दिक गणित दोन्ही वाटांनी सोडवून बघायचं.

मी घेतलं: गवळीकाकांकडे ९ १/२ लीटर दूध होतं. सकाळी ३ ३/४ लीटर आणि संध्याकाळी २ १/२ लीटर विकलं. किती लीटर उरलं? पहिल्या पायरीत ५ ३/४ (१ फोडावा लागतो), दुसरीत ३ १/४ (नाही लागत). दुसऱ्या वाटेने ६ १/४ गेले, उरले ३ १/४. जुळतं.

भाषा मूळ शीटसारखीच ठेवा. मूळात "६ १/२ मीटर" छापलंय तर तुम्ही "साडेनऊ लीटर, पावणेचार लीटर, अडीच लीटर" लिहू नका. घरात ज्यांच्या कानावर पावणे-सव्वा रोज पडतं ती पोरं ते तोंडी फटकन करतात, आणि ज्यांच्या पडत नाही ती पावणेचार म्हणजे किती इथेच अडकतात. दोन्ही बाजूंनी अवघडपणा बदलतो. आणि मोजायची वस्तू तुकडे होणारी हवी, दूध, कापड, दोरी, साखर. ९ १/२ बैल नकोत.

उत्तरसूची

उत्तरं डोक्यात तयार असतात म्हणून लोक ती तशीच लिहून टाकतात. पण शीट बनवताना दोनचार आकडे बदललेले असतात आणि सूचीत जुनंच उत्तर राहून जातं, सूची चुकते ती बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून सूची करायची ती फायनल लिहिलेल्या शीटवरून, एकेक गणित पुन्हा वाचून, शेवटी.

हाताने सोडवाच, आणि पडताळायला एक्सेल किंवा गूगल शीट्स वापरा. एका सेलमध्ये 3/4 असं टाइप करू नका, ते त्याची तारीख करून टाकतं. अंश आणि छेद वेगवेगळ्या सेलमध्ये भरा. A मध्ये पहिला अंश, B मध्ये पहिला छेद, C आणि D मध्ये दुसऱ्याचे, आणि E मध्ये बेरीज असेल तर 1, वजाबाकी असेल तर -1. मग:

```
F2: =LCM(B2,D2)
G2: =A2*F2/B2+E2*C2*F2/D2
H2: =GCD(F2,G2)
I2: =G2/H2
J2: =F2/H2
K2: =GCD(B2,D2)
```

F हा लसावि, G समच्छेद केल्यावरचा अंश, H म्हणजे शेवटी किती ने भाग जातो, I आणि J हे अंतिम उत्तराचे अंश-छेद. पाचवं गणित भरलं (4, 9, 5, 6, 1) की F मध्ये १८, G मध्ये २३, H मध्ये १, म्हणजे संक्षिप्त रूप नाही, उत्तर २३/१८. पूर्णांकयुक्त असेल तर आधी अंशाधिक करून भरा, ६ १/५ म्हणजे 31 आणि 5. शाब्दिक गणितात पहिल्या ओळीचं उत्तर दुसऱ्या ओळीच्या A आणि B मध्ये टाका. G मध्ये उणे आकडा दिसला तर लहानातून मोठं वजा केलंय, गणितच बदला.

याचा खरा फायदा उत्तरापेक्षा तुलनेत आहे. जुनी आठ गणितं वर भरा, नवी आठ खाली, आणि H आणि K चे रकाने शेजारी ठेवून बघा. जुन्यात K १ असेल तर नव्यातही १ हवा (सहमूळ). जुन्यात K लहान छेदाएवढा असेल तर नव्यातही तसाच (पटीत). जुन्यात H १ असेल तर नव्यात १, आणि १ पेक्षा मोठा असेल तर नव्यातही मोठा. G हा F पेक्षा मोठा म्हणजे उत्तर १ च्या वर. हे सगळं जुळलं की अवघडपणा जुळला, फक्त सातव्या-आठव्यातलं १ फोडणं डोळ्यांनी बघायचं, ते या रकान्यांत दिसत नाही.

सेलला अपूर्णांकाचा फॉरमॅट लावून थेट उत्तर वाचायचा मोह होईल, पण दोन अंकी छेदाचा फॉरमॅट असेल आणि खरा छेद ९९ च्या वर गेला तर तो जवळपासचा दुसराच अपूर्णांक दाखवतो, आणि चूक आहे असं काही सांगत नाही. वरची वेगळ्या रकान्यांची पद्धत बरी.

लॅपटॉप उघडायचा नसेल तर कॅल्क्युलेटरवर दशांशात बघा. ४ भागिले ९ म्हणजे ०.४४४४, ५ भागिले ६ म्हणजे ०.८३३३, बेरीज १.२७७७. आणि ५ भागिले १८ म्हणजे ०.२७७७, म्हणजे १ ५/१८ बरोबर. फक्त यावरून अतिसंक्षिप्त रूप आहे की नाही ते कळत नाही, २२/३० आणि ११/१५ दोन्ही ०.७३३३ च.

सूचीत नुसतं अंतिम उत्तर न लिहिता मधली एक ओळ लिहा, अशी:

१) ५/७
२) ८/१२ = २/३
३) ४/६ + १/६ = ५/६
४) १२/२० + ५/२० = १७/२०
५) ८/१८ + १५/१८ = २३/१८ = १ ५/१८
६) २५/३० − ३/३० = २२/३० = ११/१५
७) ५ १८/१५ − २ १०/१५ = ३ ८/१५
८) ९ १/२ − ३ ३/४ = ५ ३/४, मग ५ ३/४ − २ १/२ = ३ १/४ लीटर

मधली ओळ असली की तपासणाऱ्याला, मग ती आई असो की आजोबा, चूक समच्छेद करताना झाली की वजाबाकीत की शेवटच्या भागाकारात हे लगेच दिसतं. पाचव्यात कोणी ६९/५४ लिहिलं तर ते चूक नाही, लसाविऐवजी गुणाकार घेतलाय आणि संक्षिप्त रूप राहिलंय. त्याला किती गुण द्यायचे ते मूळ शीटवरच्या सूचनेवरून ठरवा, "अतिसंक्षिप्त रूपात लिहा" असं वर छापलं असेल तर ती सूचना नव्या शीटवरही आली पाहिजे, फोटोत वरची ओळ कापली गेलेली असते म्हणून ती हमखास राहते.

लिहिताना

मला तर हाताने लिहून झेरॉक्स काढणंच सोयीचं वाटतं. टाइप करायचं असेल तर वर्डमध्ये Alt आणि = दाबून समीकरणाची चौकट उघडते, त्यात 2/5 लिहून स्पेस दिली की उभा अपूर्णांक होतो. आडवी रेघ असलेला उभा अपूर्णांकच हवा, मी इथे तिरकी रेघ वापरतोय ती केवळ टायपिंगची सोय म्हणून. शीटवर ४ १/३ असं तिरकं छापलं तर दोनपैकी एक पोरगं ते ४१/३ वाचणार. आकडे मूळात देवनागरी असतील तर देवनागरीच ठेवा. चौथ्या गणितापासून पुढे प्रत्येकाखाली चारपाच ओळींची जागा सोडा, जागा कमी असली की पोरं पायऱ्या गाळतात. सूची वेगळ्या कागदावर, आणि दोन्हीवर "संच २" असं काहीतरी सारखं लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात कुठली सूची कुठल्या शीटची हे शोधत बसाल. शीट पुढे ग्रुपवर पाठवणार असाल तर मूळ फोटो त्यासोबत टाकू नका, त्यावर पोराचं नाव, हजेरी क्रमांक असतो.

तिसरा संच लागला तर छेदांच्या जोड्या इथून उचला. पाचव्या प्रकारासाठी, म्हणजे सामाईक अवयव पण संक्षिप्त रूप कधीच नाही: ४ आणि ६, ४ आणि १०, ८ आणि १२, ९ आणि १२. सहाव्या प्रकारासाठी, म्हणजे संक्षिप्त रूप हमखास लागणारच: ६ आणि १४, १० आणि १४, १२ आणि २०. तिसऱ्यासाठी ३ आणि ९ किंवा ४ आणि ८ घ्या, त्यात अंश काहीही घेतले तरी संक्षिप्त रूप घुसत नाही. १० आणि १५ ही जोडी दिसायला छान आहे पण ती कधी एका प्रकारात जाते कधी दुसऱ्या, १/१० + १/१५ ला भाग जातो, १/१० + २/१५ ला जात नाही, त्यामुळे ती वापरायची तर H चा रकाना बघूनच.